लाल-हिरवे ठिपके काढून टाकले, डॅशबोर्ड वाचता येऊ लागला

सर्व्हरच्या डॅशबोर्डवर बारा आकडे आणि प्रत्येकापुढे लाल किंवा हिरवा ठिपका होता. टीममधल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे फोनवर त्याला सगळे ठिपके एकाच मातकट रंगाचे दिसायचे.

आता सर्वांत वर एकच मोठा आकडा आहे : किती सेवा बंद आहेत. खाली फक्त बिघडलेल्या सेवांच्या पट्ट्या. नीट चाललेल्यांची यादी एका टॅपमागे. सुरळीतसाठी निळा `#0072B2` घेतला. इशाऱ्यासाठी आधी शेंदरी `#D55E00` लावून पाहिला. रंग वेगळे दिसले, पण फोन ग्रेस्केलवर टाकताच दोन्ही जवळपास सारखेच करडे! म्हणून उजळ नारिंगी `#E69F00` घेतला. त्यावर पांढरी अक्षरं पुसट दिसतात, काळी लावावी लागतात.

शिवाय इशाऱ्याला त्रिकोण आणि ‘बंद’ हा शब्द, सुरळीतला गोल. खरं काम हा त्रिकोणच करतो. उन्हात स्क्रीन फिकी पडली की रंग कुणालाच धड दिसत नाहीत. ‘धीमी’ अशी तिसरी पायरी मागितली गेली, ती मी या मुख्य पानावर ठेवली नाही. ती तपशिलाच्या पानावर आहे.