रजेवर असताना ऑफिसचे फोन कसे थांबवावेत? आधी कॉल लॉग उघडा

मागच्या वर्षी सात दिवसांच्या रजेत मला ऑफिसचे अकरा फोन आले. परतल्यावर राग शांत झाला, तेव्हा कॉल लॉग उघडून प्रत्येक फोनसमोर तो कशासाठी होता ते लिहीत गेले. पाच फोन "ती फाइल कुठे ठेवली आहे?" असे होते. तीन फोन "मॅडम, हे पाठवू ना?" एवढंच विचारायला आलेले. दोघांना मी रजेवर आहे हेच माहीत नव्हतं. खरोखर माझ्यावाचून अडलेला फोन एकच होता.

तुम्हीही पुढची रजा टाकण्याआधी हे करा, दहा मिनिटांचं काम आहे. लॉग पुसला गेला असेल तर ऑफिसच्या ग्रुपमध्ये त्या तारखांचे मेसेज सापडतीलच. मी आधी सगळा दोष साहेबांना देत होते. यादी झाल्यावर कळलं की निम्मे फोन माझ्याच हँडओव्हरमधल्या भोकांतून आले होते.

पहिली पायरी: हँडओव्हर आठवडाभर आधी सुरू करा

आदल्या संध्याकाळी घाईघाईने लिहिलेल्या मेलमध्ये कामांची नावं असतात, पण ती करायची कशी हे नसतं. "गुरुवारची पेमेंट यादी बघून घ्या" या एका ओळीने मला चार फोन आणले. आता मी तेच काम असं लिहिते: "पेमेंट यादी. शेअर्ड ड्राइव्हवर ‘पेमेंट’ फोल्डरमध्ये चालू महिन्याची शीट आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत आलेली बिलंच घ्यायची, नंतरची पुढच्या गुरुवारी. रक्कम जुळली नाही तर ते बिल बाजूला ठेवून बाकीची यादी पाठवायची. पाठवायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं, मला विचारायची गरज नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. परवानगी मागणारे फोन त्यानेच थांबतात. ते वाक्य साहेबांना दाखवून त्यांच्या संमतीने लिहा, नाहीतर बदली माणूस बिचारा दोन्हीकडून बोलणी खाईल.

मग रजेच्या दोन दिवस आधी तालीम घ्या. बदली सहकाऱ्याला त्याच्याच कॉम्प्युटरवर ते काम करायला लावा आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथे मान वळवून विचारेल, तिथे रजेत फोन आला असता. तो प्रश्न लगेच नोटमध्ये उत्तरासकट टाका.

या तालमीत हमखास अडतं ते ओटीपीवर. पोर्टलला तुमचा मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर तुम्ही कितीही छान नोट लिहा, कोड तुमच्याच फोनवर येणार आणि तो विचारायला माणूस फोन करणारच. तुमचा पासवर्ड देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. सहकाऱ्याच्या नावाने वेगळा युजर उघडून घ्या. त्याला मंजुरी लागते, दोन-चार दिवस जातात, म्हणूनच आठवडाभर आधी.

दुसरी पायरी: दार एकच ठेवा

"अर्जंट असेल तर फोन करा" असं लिहू नका. अर्जंट म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवलं, तर सगळंच अर्जंट असतं. एक माणूस नेमा आणि तुम्हाला फोन करायचा की नाही हे फक्त त्यालाच ठरवू द्या. त्याच्याशी कसोटी आधीच बोलून ठेवा: तुम्ही परत येईपर्यंत थांबलं तर भरून न येणारं नुकसान होईल का, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच सोडवता येणार नाही का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच फोन.

ऑटो-रिप्लायमध्येही त्याच माणसाचं नाव टाका: "मी सोमवारपर्यंत रजेवर आहे. तोपर्यंत मेल पाहणार नाही. पेमेंटसंबंधी अमुक यांना लिहा, बाकी विषयांवर मी मंगळवारी उत्तर देईन." ‘मेल कमी पाहीन’ असं लिहिलंत की लोक ‘पाहीन’ एवढंच वाचतात. जीमेलचा ऑटो-रिप्लाय एकाच माणसाला साधारण चार दिवसांतून एकदाच जातो, त्यामुळे रोज मेल करणाऱ्यांना आधी तोंडी सांगून ठेवा. जर्मनीच्या डाइमलर कंपनीने याच्याही पुढे जाऊन सोय केली होती: कर्मचाऱ्याला हवं असेल तर रजेत आलेला मेल आपोआप डिलीट होई आणि पाठवणाऱ्याला तसं कळवून दुसऱ्या माणसाचा पत्ता दिला जाई. आपल्याला इतकं धाडस परवडत नाही, पण काम परत पाठवणाऱ्याच्या हातात देण्याची युक्ती तीच.

तिसरी पायरी: फोनची सेटिंग

नुसतं डू नॉट डिस्टर्ब लावून लोक फसतात. आयफोनमध्ये ‘Allow Repeated Calls’ चालू असेल, तर तीन मिनिटांत त्याच माणसाचा दुसरा फोन आला की घंटी वाजते. अँड्रॉइडवर हीच सोय पंधरा मिनिटांची असते. आणि उचलला नाही की लगेच पुन्हा लावायची सवय कुणाला असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ती सोय बंद करा. घरचे आणि तो नेमलेला माणूस एवढ्यांनाच परवानगी द्या.

व्हॉट्सअॅपचा ऑफिस ग्रुप अर्काइव्ह केला तरी कुणी तुमचं नाव टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला की सूचना येते. म्हणून ग्रुपमध्ये निघण्याआधीच नेमलेल्या माणसाचं नाव सांगून ठेवा, म्हणजे टॅग त्याला होईल. ऑफिसच्या मेलचं अकाउंट फोनवरून काढून टाकता येतं, पण ऑथेंटिकेटर अॅपला हात लावू नका. ते काढलं तर परतल्यावर पहिला दिवस लॉगिनच्या मागे जाईल.

तरीही फोन आलाच तर

उचलू नका. थोड्या वेळाने मेसेज करा: "रजेवर आहे. हे अमुक बघत आहेत, त्यांना फोन करा." एवढंच. त्यात उत्तराचा एक तुकडाही टाकायचा नाही. "फाइल ड्राइव्हवर आहे, पण..." असं लिहिलंत की पुढचे सहा मेसेज येतात. साहेबांचा असेल तर परत फोन करून एकच विचारा: "साहेब, मंगळवारी सकाळी केलं तर चालेल का?" बहुतेकदा चालतं. त्यांना फक्त काम कुणीतरी घेतलंय एवढं ऐकायचं असतं.

जिथे बदली माणूसच नाही अशा दोन-तीन जणांच्या ऑफिसात हे सगळं जमणार नाही. तिथे रोज ठरावीक वीस मिनिटं द्या आणि ती वेळ सगळ्यांना सांगा. फोन दिवसभर विखुरण्यापेक्षा ते बरं. ऑन-कॉल ड्युटी असेल तर मात्र ती रजा नव्हेच, ती बदलून घ्या.

यंदाच्या रजेत मला तीन फोन आले. त्यातला एक ओटीपीचाच होता, एका वेगळ्या पोर्टलचा. त्याला माझा नंबर जोडलेला आहे हे मी साफ विसरले होते.