‘वॅक’ काढताना 31 मार्चच्या ताळेबंदावर विसंबू नका : या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा कॅनिंगला जातो तो साधारण एप्रिलअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. कारखान्याला वर्षभराचा पल्प या सहा-सात आठवड्यांत भरून घ्यावा लागतो. बागायतदाराला पैसे लगेच हवे असतात आणि डब्यांचे पैसे मात्र पुढचे आठ-दहा महिने थोडे थोडे येत राहतात. म्हणून कारखान्याची कॅश क्रेडिट खात्यातली उचल जूनमध्ये मर्यादेला टेकलेली असते आणि मार्चअखेर जवळपास फिटलेली असते. ताळेबंद निघतो तो नेमका 31 मार्चचा. अशा कंपनीचा भांडवलाचा भारित सरासरी खर्च, म्हणजे सगळे ज्याला ‘वॅक’ म्हणतात आणि ज्या दराने नवा प्रकल्प पारखतात तो आकडा, ताळेबंद समोर ठेवून काढला की बहुतेक चुका एकाच वेळी घडतात.

उदाहरणासाठी मिरजोळे एमआयडीसीत कारखाना असलेली आणि शेअर बाजारात नोंदलेली एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे 10 रुपये दर्शनी किमतीचे 1 कोटी शेअर आहेत आणि राखीव निधी 50 कोटी रुपये आहे, म्हणजे पुस्तकी नेटवर्थ 60 कोटी. बाजारात शेअरचा भाव 180 रुपये. मुदत कर्ज 36 कोटी. कॅश क्रेडिटची बाकी 31 मार्चला 4 कोटी, जूनअखेर 40 कोटी आणि बारा महिन्यांची सरासरी 24 कोटी. वर्षभराचे व्याज 5.70 कोटी. सूत्र नेहमीचेच :

```
WACC = (E/V) × Ke + (D/V) × Kd × (1 − t)
V = E + D
```

सूत्रात E म्हणजे भागभांडवल आणि D म्हणजे कर्ज, दोन्ही बाजारमूल्याने. Ke हा भागभांडवलाचा खर्च, Kd कर्जाचा खर्च आणि t कराचा दर.

वजने : पुस्तकी आकडे आणि मार्चचे कर्ज

पुस्तकी नेटवर्थ 60 कोटी आणि सरासरी कर्ज 60 कोटी धरले की वजने निम्मी-निम्मी येतात. पण आज या कंपनीत पैसे घालणारा माणूस 10 रुपये दर्शनी किमतीचा शेअर 180 रुपयांना घेतो आणि परतावा त्या 180 वर मोजतो. म्हणून भागभांडवल 180 कोटी. यात काही जण राखीव निधीचे 50 कोटी पुन्हा मिळवून 230 करतात. ते दुहेरी मोजणे झाले, कारण बाजारातला भाव राखीव निधीसकट सगळ्या कंपनीचाच असतो.

कर्जाच्या बाजूला चूक अधिक लपलेली असते. मार्चचा ताळेबंद 40 कोटी दाखवतो, सरासरी मात्र 60 कोटी आहे. प्रकल्पाचे पैसे वर्षभर येत-जात असतात, तेव्हा वजनही वर्षभराच्या सरासरीचेच हवे. कारखान्याच्या आत बसलेल्याला हे सोपे आहे : बँकेला दर महिन्याला जाणारी स्टॉक स्टेटमेंट आणि खात्याची महिनाअखेरची बाकी काढा आणि बारा आकड्यांची सरासरी घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला मार्च आणि सप्टेंबर असे दोनच ताळेबंद मिळतात, पण व्याजखर्चाचा आकडा तिमाही निकालांत दिसतो. चार तिमाहींचे व्याज मिळवून कर्जाच्या दराने भागले की सरासरी कर्ज हाती येते : 5.70 भागिले 0.095, म्हणजे 60 कोटी. त्याआधी व्याजखर्चाच्या आकड्यातून बँकेचे शुल्क, एलसीचे कमिशन आणि भाडेकरारावरचे व्याज वेगळे काढा, नाहीतर कर्ज फुगलेले दिसेल.

बागायतदारांचे देणे कर्जात धरू नका. त्यावर उघड व्याज नसते आणि खेळत्या भांडवलाच्या हिशेबात ते रोख प्रवाहातून आधीच वजा झालेले असते. मात्र एखादा व्यापारी हंगामाआधी ॲडव्हान्स देऊन व्याज आकारत असेल, तर ती रक्कम कर्जच आहे.

तेव्हा भागभांडवल 180, कर्ज 60, एकूण 240. वजने 75 आणि 25 टक्के. बँकेच्या कर्जाला रोज बोलला जाणारा बाजारभाव नसतो. व्याजदर बदलता असेल तर पुस्तकी रक्कम बाजारमूल्याच्या जवळच असते, त्यामुळे ती तशीच घेतलेली चालते.

कर्जाचा खर्च : व्याज भागिले शिल्लक

वर्षाचे व्याज मार्चच्या शिल्लक कर्जाने भागले की 5.70 भागिले 40, म्हणजे 14.25 टक्के येतात. तारणावर कर्ज घेणाऱ्या, नियमित फेडणाऱ्या कारखान्याला बँक इतका दर लावत नाही. मंजुरीपत्र काढून पाहिले तर 9.5 टक्के लिहिलेले असते. हा फरक दिसला की भाजक हंगामाबाहेरचा आहे हे ओळखावे. काजूप्रक्रियेतही हेच होते, कारण तिथेही कच्च्या बीची खरेदी थोड्या महिन्यांत होते आणि गराची विक्री वर्षभर चालते.

याच्या उलटी चूक जुन्या, ठरावीक दराच्या कर्जात होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. त्याआधी ठरावीक दराने घेतलेल्या कर्जाचे व्याज आजही स्वस्तच दिसते. पण नव्या प्रकल्पाला नवे कर्ज लागणार, म्हणून आज बँक कोणता दर सांगते तोच घ्यायचा. जुने स्वस्त कर्ज हा आधीच्या निर्णयाचा फायदा होता, नव्या यंत्राची ती कमाई नव्हे.

मग कर. 2019 पासूनचा सवलतीचा दर स्वीकारलेल्या देशी कंपनीला अधिभार आणि उपकर धरून 25.168 टक्के कर लागतो. कर्जाचा करोत्तर खर्च 9.5 गुणिले 0.74832, म्हणजे 7.11 टक्के. इथे एका वर्षाच्या नफा-तोटा पत्रकातला कर भागिले नफा हा दर वापरू नका, त्यात मागील वर्षांचे हिशेब मिसळलेले असतात. अवकाळी पावसाने आंबा गेला आणि कंपनी तोट्यात गेली, तर त्या वर्षी व्याजावर कर वाचत नाही. तोटा पुढे ओढता येतो, पण फायदा उशिरा मिळतो. असे वारंवार होणाऱ्या कंपनीला पूर्ण 25.168 टक्क्यांची वजावट देणे म्हणजे कर्ज आहे त्याहून स्वस्त दाखवणे.

व्याजाची करबचत एकदाच मोजायची असते. ती करोत्तर कर्जखर्चात आली, म्हणून रोख प्रवाहातून ना व्याज वजा करायचे, ना त्यावरची करबचत मिळवायची. एक्सेलमध्ये निव्वळ नफ्यापासून सुरुवात करून रोख प्रवाह काढणाऱ्यांच्या हातून हे हमखास होते.

भागभांडवलाचा खर्च : बीटा जेव्हा फारच कमी येतो

भांडवली मालमत्ता किंमत प्रारूपाचे, म्हणजे ‘कॅपएम’चे सूत्र सोपे आहे : जोखीममुक्त दर अधिक बीटा गुणिले बाजाराचा जोखीम अधिभार. बीटा म्हणजे बाजाराच्या हालचालीच्या मानाने शेअर किती हलतो त्याचे माप. उदाहरणापुरता दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा 7 टक्के आणि अधिभारही 7 टक्के धरू. अधिभाराच्या जागी बाजाराचा सगळा 14 टक्के परतावा टाकण्याची चूक परीक्षेत आणि प्रकल्प अहवालात सारखीच दिसते. 14 मधून 7 आधी वजा करायचे.

खरी अडचण बीटाची. लहान कंपनीच्या शेअरमध्ये अनेक दिवस व्यवहारच होत नाहीत, कालचाच भाव आजही दिसतो. बाजार हलतो, शेअर जागचा हलत नाही आणि चार दिवसांनी एकदम उडी घेतो. रोजच्या भावांवरून काढलेल्या बीटाला हे दोन हालचालींचे नाते नसल्यासारखे दिसते आणि तो कमी येतो. आपल्या कंपनीचा असा बीटा 0.35 आला असे समजा. भागभांडवलाचा खर्च 7 अधिक 0.35 गुणिले 7, म्हणजे 9.45 टक्के. बँकेचे कर्ज 9.5 टक्क्यांचे आहे. तारण घेऊन, सर्वांत आधी वसुली करणारी बँक 9.5 मागते आणि सगळ्यांत शेवटी उरलेले घेणारा भागधारक 9.45 वर समाधानी आहे, हे शक्य नाही. भागभांडवलाचा खर्च करपूर्व कर्जखर्चापेक्षा कमी आला की पुढची आकडेमोड थांबवून बीटा तपासा.

साप्ताहिक किंवा मासिक भाव घेऊन काही वर्षांचा बीटा काढला तर आकडा सुधारतो, पण शेअर फारच थंड असेल तर तेवढ्याने भागत नाही. मग अन्नप्रक्रियेतल्या, नियमित व्यवहार होणाऱ्या कंपन्यांचे बीटा घ्यावेत. त्यांचा मध्यक 1.00 आणि कर्ज-भागभांडवल गुणोत्तर 0.20 आहे असे धरू. त्यांच्या कर्जाचा परिणाम आधी काढून टाकायचा आणि मग आपल्या गुणोत्तराने, 60 भागिले 180 म्हणजे 0.333 ने, पुन्हा चढवायचा :

```
1.00 / (1 + 0.74832 × 0.20)  = 0.87
0.87 × (1 + 0.74832 × 0.333) = 1.09
Ke = 7 + 1.09 × 7            = 14.63 %
```

इतरांचा 1.00 जसाच्या तसा उचलला असता तर आपल्या कंपनीवरचे जास्तीचे कर्ज हिशेबात आलेच नसते. या पद्धतीत कर्जाचा स्वतःचा बीटा शून्य मानलेला असतो. कर्ज भागभांडवलाच्या बरोबरीला आले की ती धारणा कमजोर पडते.

आकडा आणि निर्णय

वॅक 0.75 गुणिले 14.63 अधिक 0.25 गुणिले 7.11, म्हणजे 12.75 टक्के. हेच खर्च कायम ठेवून फक्त पुस्तकी, निम्मी-निम्मी वजने लावली तर 10.87 टक्के येतात. समजा कंपनी 30 कोटींची नवी पल्प लाइन बसवणार आहे आणि तिच्यातून दहा वर्षे दरवर्षी 5.3 कोटींचा करोत्तर रोख प्रवाह येणार आहे. 10.87 टक्क्यांनी त्याचे आजचे मूल्य सुमारे 31.4 कोटी होते आणि प्रकल्प मंजूर होतो. 12.75 टक्क्यांनी ते 29.05 कोटी होते आणि जवळजवळ 1 कोटीचे नुकसान दिसते. वजनांच्या एका चुकीने संचालक मंडळाचा निर्णय फिरला. मार्चचे कर्ज, 14.25 टक्क्यांचा कर्जखर्च आणि 0.35 चा बीटा अशा तिन्ही चुका एकत्र केल्या तर वॅक 9.7 टक्क्यांच्या आसपास येतो. कर्जखर्च वर गेला तरी बीटा सगळे खाली ओढतो, आणि अंतिम आकडा दिसायला वाजवी असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. म्हणून प्रत्येक घटक वेगळा तपासावा लागतो.

5.3 कोटींचा प्रवाह येत्या वर्षांतली भाववाढ धरून काढलेला असावा. आजच्या पल्पच्या दरावरच दहा वर्षे चालवली असतील, तर हा 12.75 टक्के दर त्याला लावता येत नाही, कारण सरकारी रोख्याच्या 7 टक्क्यांत महागाई आधीच धरलेली आहे. निर्यातीचा हिशेब डॉलरमध्ये मांडला असेल तर दरही डॉलरचाच लागेल.

कोकणातले बहुतेक कारखाने प्रायव्हेट लिमिटेड किंवा भागीदारीत आहेत, त्यांना बाजारभाव नाही. तिथे पुस्तकी नेटवर्थकडे वळू नका. शेअर बाजारात नोंदलेल्या समव्यवसायी कंपन्यांचे बाजारमूल्यावरचे कर्ज-भागभांडवल गुणोत्तर घ्या आणि त्याच गुणोत्तराने बीटाही चढवा. वजनांत एक गुणोत्तर आणि बीटात दुसरे असे झाले तर उत्तर जुळत नाही. मालकाचा आग्रह स्वतःच्या गुणोत्तराचा असेल, तर आधी अंदाजे वॅकने कंपनीचे मूल्य काढा, त्यातून कर्ज वजा करून भागभांडवल काढा, नवी वजने लावा आणि वॅक हलायचा थांबेपर्यंत हा फेरा चालवा. एक्सेलमध्ये यासाठी ‘इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’ सुरू करावे लागते, नाहीतर वर्तुळाकार संदर्भाची सूचना येते.