फाटक्या नोटांचं प्रकरण: नव्या क्लार्कसाठी प्रशिक्षण पुस्तिका लिहिताना

रत्नागिरीच्या आमच्या बँकेत नव्या क्लार्कसाठी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं. असं काम तुमच्यावरही पडणार असेल, तर एकाच प्रकरणाविषयी सविस्तर सांगते. ते प्रकरण म्हणजे खराब नोटांचं. किनाऱ्यावर पावसाळ्यात भिजलेल्या आणि मासळीच्या पाटीत चिकटलेल्या नोटा काउंटरवर येतातच, आणि नवा क्लार्क इथेच सर्वात जास्त गोंधळतो.

प्रकरणाच्या सुरुवातीला उद्दिष्ट लिहायचं असतं. ‘क्लार्कला नोट बदलण्याचे नियम समजतील’ असं वाक्य बऱ्याच पुस्तिकांत दिसतं. पण समजलं की नाही, हे तपासायचं कसं? म्हणून मी आधी सराव तयार केला आणि त्यातून उद्दिष्ट काढलं: ‘दहा नोटांचा गठ्ठा दिल्यावर क्लार्क पुस्तिका न बघता पाच मिनिटांत त्याचे मळक्या, फाटक्या आणि शाखेत न घेण्याच्या असे तीन भाग करेल, आणि प्रत्येक नोटेचं पुढे काय करायचं ते सांगेल.’ यात काय करायचं, कोणत्या अटीवर आणि किती वेळात, हे सगळं आलं. भरपाई पूर्ण द्यायची की अर्धी, हा निर्णय मात्र उद्दिष्टात घातला नाही. तो नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचा असतो. क्लार्कचं काम नोट ओळखण्याचं आणि योग्य टेबलावर पोचवण्याचं.

तीन भाग असे. मळकी नोट म्हणजे वापराने जुनी झालेली. दोन तुकडे झालेले असले, पण दोन्ही त्याच नोटेचे असून जोडल्यावर नोट पूर्ण होत असेल, तर तीही मळक्यांतच जाते. एखादा भाग गायब असेल किंवा दोनाहून जास्त तुकडे असतील तर ती फाटकी. आणि हात लावताच चुरा होणारी, जळून कोळसा झालेली किंवा सुटी करता न येणारी चिकटलेली नोट शाखेने घ्यायची नाही. ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या संबंधित कार्यालयाचा रस्ता सांगायचा. आपल्याकडे भिजून वाळलेल्या गड्ड्या या शेवटच्या भागात येतात, त्यामुळे सरावात त्या हव्यातच.

सरावासाठी खऱ्या नोटा कापू नका. नव्या 500 च्या नोटेचं माप 66 × 150 मिमी, म्हणजे 99 चौरस सेंमी. त्या मापाचे जाड कागद कापा, वर क्रमांक लिहा आणि सोबत मोजपट्टी द्या. खराब नोटांच्या परताव्याच्या रिझर्व्ह बँकेच्या 2009 च्या नियमांत 2018 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार या नोटेचा सर्वात मोठा सलग तुकडा 80 चौरस सेंमी किंवा अधिक असेल तर पूर्ण रक्कम मिळते, 40 पासून 80 च्या आत असेल तर अर्धी, आणि त्याहून लहान असेल तर काहीच नाही. दोन तुकडे असून प्रत्येक तुकडा 40 किंवा अधिक असेल, तर पूर्ण.

आता जोडीने द्यायचे दोन कागद. दोन्हींत दीड सेंमीची उभी पट्टी गायब आहे. पहिल्यात तुकडे 7 आणि साडेसहा सेंमी लांबीचे, म्हणजे 46.2 आणि 42.9 चौरस सेंमी. दोन्ही 40 च्या वर, म्हणून पूर्ण 500. दुसऱ्यात तुकडे साडेनऊ आणि 4 सेंमी, म्हणजे 62.7 आणि 26.4. लहान तुकडा 40 च्या खाली गेल्यामुळे मोठ्यावरच निर्णय होतो, म्हणून 250. गायब भाग सारखाच, पण रकमेत निम्म्याचा फरक. हा सराव दिला की क्लार्क डोळ्यांच्या अंदाजावर विसंबत नाही, मोजपट्टी हातात घेतो. अधिकाऱ्याकडे नोट देताना मापंही सांगतो, म्हणून काउंटरवरची रांग खोळंबत नाही.

माझ्या अनुभवात शेवटचा सराव सर्वात उपयोगी ठरला. एकाने मासळीवाल्या मावशींची भूमिका करायची, दुसऱ्याने काउंटर सांभाळायचा. मावशींची नोट 250 ची भरणार आहे, आणि त्यांना 500 हवेत. क्लार्कने ‘पूर्ण मिळतील’ असं आश्वासनही द्यायचं नाही आणि नोट परत सरकवायचीही नाही. उत्तरपत्रिकेत मी हे वाक्य लिहिलं: “मावशी, नोट मी घेतली आहे. किती मिळतील ते साहेब मोजून सांगतील, तोवर बसा.” तपासणाऱ्याने दोनच गोष्टी बघायच्या: रक्कम स्वतःहून सांगितली का, आणि नोट अधिकाऱ्याकडे गेली का.

मापांचे आकडे मात्र मूळ मजकुरात पसरू देऊ नका. ते वेगळ्या पानावर, तारखेसह ठेवा. नियम बदलला की तेवढंच पान बदलता येतं, आणि कागदी नोटांवरची उत्तरं त्या दिवशीच पुन्हा तपासून घेता येतात.