एचआयव्हीचे उपचार चालू असताना ताठरतेची गोळी: या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारा पंचेचाळिशीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, त्याला सेकंड लाइनची, म्हणजे पहिली औषधं लागू न पडल्यावरची औषधं मिळतात, त्यात रिटोनाव्हिर आहे. ताठरता टिकत नाही म्हणून तो आजार न सांगता मेडिकलमधून सिल्डेनाफिलची १०० मिलिग्रॅमची गोळी आणतो. तासाभरात डोकं ठणकतं, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते.

यकृत सिल्डेनाफिल मोडून बाहेर टाकतं, पण रिटोनाव्हिर हेच काम अडवतं. त्यामुळे रक्तातलं औषध कितीतरी पटींनी वाढतं. अशा माणसाला डॉक्टर फार तर २५ मिलिग्रॅम देतात आणि पुढचे ४८ तास दुसरी गोळी घेऊ देत नाहीत. टॅडालाफिल असेल तर १० मिलिग्रॅम, तीही ७२ तासांत एकदाच. तुमच्या औषधात रिटोनाव्हिर नसून डोल्युटेग्राव्हिर असेल (बहुतेकांना आता हेच मिळतं), तर ही अडचण नाही. म्हणून मेडिकलमध्ये जाण्याआधी आपल्या डबीवरचं नाव वाचा. छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेत असाल, तर सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल अजिबात नको. रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो. ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर लाजू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

‘शक्तिवर्धक’ चूर्ण-कॅप्सूल हा सुरक्षित मार्ग वाटतो, पण अशा मालात सिल्डेनाफिलची भेसळ अनेकदा सापडली आहे. किती मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दुसरी चूक मला जास्त सलते. एआरटीमुळंच ताकद गेली असं धरून लोक गोळ्या सोडतात. पहाटे ताठरता येत असेल, तर शरीर बहुधा ठीक आहे आणि अडथळा भीतीचा आहे, ‘बायकोला लागण होईल’ याचा. येतच नसेल, तर साखर, रक्तदाब आणि सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासा. भीतीवर उतारा व्हायरल लोडच्या रिपोर्टात आहे. रोज गोळी घेऊन सहा महिने विषाणू ‘सापडला नाही’ असा रिपोर्ट टिकला, तर संबंधातून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. हे कळल्यावर कित्येकांची इच्छा परत येते. गोळ्या सोडल्या की विषाणू काही आठवड्यांत पुन्हा वर येतो आणि ही खात्री संपते.

मात्र ही खात्री फक्त एचआयव्हीची आहे. सिफिलिस, गनोरियासाठी कंडोम लागतोच, आणि त्यावर खोबरेल तेल लावू नका, लेटेक्स फाटतं. सोबत हेपॅटायटिस बी असेल तर एआरटीतलं टेनोफोव्हिर दोन्ही आजार आवरतं, म्हणून ते अचानक बंद केल्यास यकृताला जोराची सूज येऊ शकते. जोडीदाराची हेपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या. लागण नसेल आणि आधी लस झालेली नसेल, तर आज एक, महिन्यानं दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा डोस द्या. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांत प्रतिपिंडं तपासा. ती पुरेशी येईपर्यंत कंडोम सोडू नका.