आजारपणामुळे मुदतीआधी नोकरी सोडायचीय? अर्जात कुठला नियम लिहिता ते आधी ठरवा

केंद्र सरकारच्या नोकरीत तब्येतीमुळे लवकर रिटायर व्हायचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि बरेच जण दोन्हीला सरसकट 'मेडिकल व्हीआरएस' म्हणतात, तिथेच घोळ होतो. पेन्शन नियम 2021 मधला नियम 43 म्हणजे 20 वर्षं सर्व्हिस झाल्यावर 3 महिन्यांची नोटीस देऊन घ्यायची स्वेच्छानिवृत्ती, कारण काहीही असो. नियम 39 म्हणजे इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे सरकारी मेडिकल बोर्डाने किंवा सिव्हिल सर्जननेच सांगायचं की हा माणूस आता कायमचा नोकरी करू शकत नाही. (राज्य सरकारवाल्यांना 1982 चे वेगळे नियम आहेत, इथे फक्त केंद्राचं बोलतोय.)

एक उदाहरण धरू. पोस्टातला काउंटर क्लार्क, वय 51, सर्व्हिस 24 वर्षं, जुन्या पेन्शनमधला, पार्किन्सन झालाय, नोटा मोजताना हात थरथरतो, कॅश टॅली होत नाही. बेसिक 50,000. पेन्शन दोन्ही रस्त्यांनी सारखीच, बेसिकच्या निम्मी म्हणजे 25,000 आणि वर महागाई. ग्रॅच्युइटीही सारखी: डीए 58 टक्के धरला तर पगार 79,000, त्याचा पाव भाग 19,750, आणि 24 वर्षांच्या 48 सहामाह्या, म्हणजे 9,48,000. मग फरक कुठे? अनुकंपा नोकरीत. मेडिकल ग्राउंडवर निवृत्त झालेल्याच्या मुलाचा किंवा बायकोचा अर्ज घेतात, पण ती निवृत्ती इनव्हॅलिडवाली हवी आणि वय 55 च्या आत हवं. अर्जात नियम 43 लिहिलात की नंतर कितीही मेडिकल पेपर जोडा, तो हक्क उरत नाही. अर्थात अनुकंपाच्या जागा थेट भरतीच्या 5 टक्केच, त्यामुळे नोकरी लागेलच असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

उलट बाजूही बघा. 43 मध्ये निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत पेन्शन विकायची असेल (कम्युटेशन, 40 टक्क्यांपर्यंत) तर मेडिकल लागत नाही. इनव्हॅलिडमध्ये पुन्हा मेडिकल होते आणि डॉक्टरांनी वय वाढवून धरलं तर हातात येणारी रक्कम कमी होते. म्हणजे घरात अनुकंपासाठी कोणी नसेल तर आपल्या क्लार्कला 43 च सोपा.

39 ठरलं तर अर्जाआधी सर्व्हिस बुक बघा. बिनपगारी रजा मेडिकल सर्टिफिकेटवर असेल तर ती सर्व्हिसमध्ये धरतात, सर्टिफिकेट नसेल तर सहसा धरत नाहीत, आणि आजारी माणसाच्या बुकात अशाच रजा जास्त असतात. 18 वर्षांनंतर ऑफिसने अर्हताकारी सेवेचं सर्टिफिकेट द्यायचं असतं, ते नसेल तर लेखी मागा. शिल्लक रजेचे पैसे (300 दिवसांपर्यंत) किती बसतात हेही त्याच पत्रात विचारून घ्या, तोंडी उत्तर घेऊ नका.

अर्जाचा मसुदा साधा ठेवा: 'मला पार्किन्सन असून मी माझं काम कायमस्वरूपी करू शकत नाही, तरी नियम 39 अन्वये मेडिकल अथॉरिटीकडे तपासणीसाठी पाठवावे.' 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द टाकूच नका. सोबत उपचारांचे कागद जोडा आणि पोच घ्या. खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट फक्त आधारापुरतं, आणि स्वतःहून सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन उपयोग नाही, बोर्डाला ऑफिसचं पत्र लागतं. तुमच्या ग्रेड आणि पगारानुसार बोर्ड की सिव्हिल सर्जन ते ऑफिसच ठरवतं.

इथे घाई करू नका, कारण पार्किन्सन 2016 च्या दिव्यांग कायद्यात येतो आणि त्याच्या कलम 20 प्रमाणे नोकरीत अपंगत्व आलं तर त्याच पगारावर दुसऱ्या कामावर घ्यायचं असतं, तशी जागा नसेल तर जास्तीची पोस्ट तयार करून. काउंटर सोडून टेबलवर बसवलं तर 60 पर्यंत पूर्ण पगार चालू राहतो. ऑफिसने हे तुम्हाला सांगायला हवं, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

बोर्डाचा रिपोर्ट आला की आधी एकच ओळ शोधा: 'कायमस्वरूपी अक्षम' आहे का. 'सध्या अनफिट' किंवा 'हलकं काम करू शकतो' असं असेल तर त्यावर लगेच इनव्हॅलिडेशन होत नाही, पहिल्यात रजा आणि फेरतपासणी, दुसऱ्यात कामाचा बदल. बोर्डापुढे जाताना जुने रिपोर्ट तारखेनुसार लावा, शेवटच्या 2-3 वर्षांत आजार वाढत गेला हे दिसलं पाहिजे. नुसतं आजाराचं नाव बघून कोणी 'कायमस्वरूपी' लिहीत नाही. रिपोर्ट अनुकूल आला तर कामावर असलेल्या माणसाची निवृत्ती कार्यमुक्त केल्याच्या तारखेपासून धरतात.

सर्व्हिस 10 वर्षांच्या आत असली तरी 2019 पासून इनव्हॅलिड पेन्शन मिळू शकते, नोकरीला लागताना मेडिकल फिट होता एवढं पाहिजे. एनपीएसवाल्यांनी मात्र मृत्यू किंवा इनव्हॅलिडेशन झालं तर जुनी पेन्शन हवी की एनपीएस, याचा जो पर्यायाचा फॉर्म भरायचा असतो तो भरलाय का आणि त्यात काय लिहिलंय हे अर्ज टाकायच्या आधीच काढून बघा.