फॉरवर्ड आलेला जीआर खरा की खोटा?

मंडळी, फोटोतली तारीख बदलायला फोनमधलं साधं एडिटिंग पुरतं. जुन्या तारखेवर पांढरा चौकोन ओढायचा, वर नवी टाइप करायची. फोटो चार ग्रुपमधून फिरून धूसर झाला की जोडही दिसत नाही. म्हणून अक्षरं न्याहाळत बसू नका. शासन निर्णयात शेवटच्या परिच्छेदाकडे जा. तिथे 'संकेतांक' म्हणून अठरा आकड्यांची लांब रांग असते. तिचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस.

समजा, वर तारीख लिहिलीय 12 मार्च 2024 आणि संकेतांक सुरू होतो 20190614 ने. म्हणजे 14 जून 2019. एकदोन दिवसांचा फरक असू शकतो, जवळपास पाच वर्षांचा कसा असेल? बनवणारे बहुधा वरचीच तारीख बदलतात, शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा त्यांनाही असतोच.

आता gr.maharashtra.gov.in उघडा आणि तोच संकेतांक शोधा. जीआर सापडला तरी तिथली पीडीएफ उघडून रक्कम, अटी, मुदत फोटोशी ताडून पाहा, कारण खऱ्या जीआरमधला एखादाच आकडा बदललेला असू शकतो. फोटोत शेवटचं पान नसेल, तर विभाग आणि तारीख टाकून शोधा.

पावसाच्या सुट्टीचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मात्र इथे शोधू नका. तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पाहा, नाहीतर सरळ शाळेत फोन करा.