काचेची बाटली आणि धूर कापताना या चुका टाळा

फोटोशॉपमध्ये फोटोतल्या बाटलीची कड पेन टूलने अगदी सफाईने कापलेली असते. तरीही ती नव्या फोटोत ठेवली की चिकटवल्यासारखी दिसते, कारण काचेच्या आत जुनीच पार्श्वभूमी उरलेली असते. स्टुडिओतला राखाडी कागद काचेतून दिसत होता, तो बाटलीबरोबर नव्या चित्रात आला. कड कितीही नीट कापली तरी हा दोष जात नाही. फोटोतल्या काचेच्या प्रत्येक बिंदूत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मागून आलेला, काचेने थोडाफार अडवलेला प्रकाश आणि काचेवर पडलेली चकाकी. त्या वेगळ्या केल्याशिवाय काच पारदर्शक होत नाही.

लेयरची Opacity कमी करणे

हा सगळ्यांना आधी सुचणारा उपाय. Opacity ६० टक्के केली की मागची झाडं दिसतात, पण सोबत चकाकीही ६० टक्क्यांवर येते आणि कडांच्या काळ्या रेषा फिक्या पडतात. काच दुधाळ, प्लास्टिकसारखी दिसू लागते. खऱ्या काचेत चकाकी पूर्ण पांढरी, कड गडद आणि मधला भाग जवळजवळ रिकामा असतो. एकच आकडा तिन्हींना पुरणार कसा? इरेझरने मधला भाग अंदाजाने पुसणं हीही तीच चूक, फक्त जास्त मेहनतीची.

त्याऐवजी काय करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. रंगहीन काचेची रिकामी बाटली आहे, तिला कागदी लेबल आणि पत्र्याचं झाकण आहे. फोटो सपाट राखाडी कागदासमोर काढला आहे आणि ती आपल्याला बागेच्या फोटोत ठेवायची आहे. फोटोशॉपमध्ये Info पॅनल उघडून कागदावर आयड्रॉपर फिरवा. समजा आकडा १९० आला. या १९०पेक्षा जे गडद आहे ते काचेने अडवलेला प्रकाश आणि जे उजळ आहे ती चकाकी, असं धरायचं.

बाटलीच्या लेयरच्या दोन प्रती करा आणि Hue/Saturation मध्ये Saturation −100 करून दोन्हींतला रंग काढून टाका. पहिल्या प्रतीवर Ctrl+L दाबून Levels उघडा आणि Input मधला पांढरा सरकबिंदू १९०वर आणा. कागद पूर्ण पांढरा होईल, गडद कडा तेवढ्या उरतील. हिचा ब्लेंड मोड Multiply. दुसऱ्या प्रतीत काळा सरकबिंदू १९०वर न्या. आता कागद पूर्ण काळा आणि फक्त चकाकी शिल्लक. हिचा मोड Screen. मूळ लेयर लपवा, दोन्ही प्रती बागेच्या फोटोवर एका ग्रुपमध्ये ठेवा आणि ग्रुपला पेन टूलच्या बाह्यरेषेचा मास्क द्या. लेबल आणि झाकण पारदर्शक नाहीत, म्हणून ते मूळ फोटोतून वेगळे कापून Normal मोडमध्ये सर्वात वर ठेवा. हे विसरलात तर लेबलातून झाडं दिसतील.

काम बरोबर झालं की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. ग्रुपच्या खाली १९० राखाडीचा सपाट लेयर टाका. मूळ फोटो जसाच्या तसा परत दिसला पाहिजे. फक्त काचेत कुठे रंगाची झाक असेल तर ती गेलेली असेल. बाटलीच्या आत कुठे पांढुरका किंवा काळपट डाग दिसला, तर आकडा चुकला आहे किंवा कागदावर उजेड एकसारखा पडलेला नव्हता.

या उदाहरणात चकाकीसाठी १९० ते २५५ एवढीच जागा आहे. ८ बिट JPEG मध्ये ती ताणली की गडद पार्श्वभूमीवर चकाकीत पट्टे दिसू शकतात. फोटो तुम्हीच काढणार असाल तर कागद मध्यम राखाडी, १२८च्या आसपास येईल असा ठेवा आणि रॉ फाइलवरून १६ बिटमध्ये काम करा.

Multiply आणि Screen चे लेयर तसेच PNG करणे

ही चूक उशिरा लक्षात येते. फाइल फोटोशॉपमध्ये सुरेख दिसते. पार्श्वभूमी बंद करून PNG काढली की बाटली पुन्हा अपारदर्शक. PNG मध्ये ब्लेंड मोड साठवले जात नाहीत, फक्त रंग आणि पारदर्शकता साठवली जाते.

म्हणून तेच काम मास्कने करायचं. फक्त चकाकीची प्रत दिसू द्या, ग्रुपचा मास्क तात्पुरता बंद ठेवा आणि Channels पॅनलमध्ये Green च्या थंबनेलवर Ctrl+क्लिक करा. निवड तयार होईल. ती चालू असताना पांढऱ्या रंगाचा Solid Color लेयर टाका. निवडीचा आपोआप मास्क बनेल. गडद प्रतीसाठीही असंच, फक्त निवड Ctrl+Shift+I ने उलटी करा आणि Solid Color काळा घ्या. हे दोन लेयर त्याच ग्रुपमध्ये ठेवा, जुन्या प्रती लपवा, ग्रुपचा मास्क पुन्हा चालू करा. दोन्ही लेयर Normal मोडमध्ये असले तरी परिणाम Multiply आणि Screen इतकाच मिळतो, कारण रंगहीन काचेसाठी गणित तेच आहे. PNG आता कुठेही ठेवा.

मर्यादा रंगीत काचेची. हिरवी किंवा तपकिरी बाटली लाल, हिरवा, निळा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात अडवते आणि PNG मध्ये प्रत्येक बिंदूला पारदर्शकतेचा एकच आकडा असतो. तिथे मूळ रंग ठेवून Multiply वापरा आणि थरांसह PSD द्या. गिऱ्हाईक PNG वर अडून बसलं तर जवळपासचा परिणाम मिळेल, तंतोतंत नाही.

धुराचा मास्क धुराच्याच फोटोला लावणे

काळ्या कापडासमोर, बाजूने उजेड टाकून उदबत्तीच्या धुराचा फोटो घेतला की अर्धं काम झालं. Levels मध्ये काळा सरकबिंदू १५-२०पर्यंत आणा, नाहीतर कापडाचा चौकोन पुसट दिसत राहतो. मग उजळपणाची निवड करून बरेच जण मास्क त्याच फोटोला लावतात आणि धूर मळकट, काळ्या कडांचा होतो. कारण धुराचा विरळ भाग फोटोत आधीच गडद आहे, कापडाचा काळा रंग त्यात मिसळलेला आहे. मास्कने तो पारदर्शक झाला, पण काळेपणा गेला नाही. तोच मास्क पांढऱ्या किंवा किंचित निळसर Solid Color ला लावा, काळ्या कडा जातील. पांढऱ्या भिंतीसमोर मात्र असा धूर जवळजवळ दिसणारच नाही. प्रत्यक्षातही दिसत नाही, तेव्हा मागे काहीतरी गडद हवंच.

भरलेल्या बाटलीमागे सरळ चित्र

रिकामी बाटली मागचं दृश्य फारसं हलवत नाही, कडेला थोडं वाकवते एवढंच. पाण्याने भरलेली गोल बाटली भिंगाचं काम करते आणि दूरचं दृश्य तिच्यातून डावं-उजवं उलटं दिसतं. म्हणून पार्श्वभूमीची एक प्रत करा, Flip Horizontal करून आडवी दाबा आणि पाण्याच्या आकारात मास्क करून बाटलीच्या ग्रुपखाली ठेवा. बाटलीला अगदी टेकलेली वस्तू उलटत नाही, फक्त रुंद दिसते, त्यामुळे तिच्यावर हा उपाय करू नका.

पांढऱ्याशुभ्र पडद्यासमोर काढलेल्या बाटलीच्या कडा काळ्या येतात. ती रात्रीच्या दृश्यात ठेवली तर कडा अंधारात विरून जातात आणि पडद्याचा आकडाच २५५ असल्याने चकाकी वेगळी काढायला जागा उरत नाही. अशा वेळी तासन्‌तास रिटचिंग करण्यापेक्षा मागे काळं कापड लावून, दोन्ही बाजूंनी थोडा मागून उजेड देऊन फोटो पुन्हा काढा. तेव्हा कडा उजळ येतात आणि गडद दृश्यासाठी Screen चा एक लेयर बहुतेक वेळा पुरतो.